ग्लोबल वर्कस्पेस आणि इंटिग्रेटेड इन्फर्मेशन: दोघांना वेगळं करणारा पुरावा कोणता?

अनुजा_कलिना | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. एम.ए. तत्त्वज्ञानाच्या सेमिनारसाठी १५०० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. विषय: जाणिवेच्या या दोन सिद्धान्तांची तुलना, आणि कोणत्या पुराव्याने एक राहील व दुसरा पडेल.

माझी समज अशी. ग्लोबल वर्कस्पेस (बार्स, १९८८, पुढे दहान आणि शांजो यांनी त्याला मेंदूतल्या जाळ्याचं रूप दिलं) म्हणतो की मेंदूत असंख्य कामं अंधारात चालतात, त्यातली एखादी माहिती मध्यवर्ती मंचावर येऊन सगळीकडे प्रसारित झाली की तिची जाणीव होते. इंटिग्रेटेड इन्फर्मेशन (टोनोनी, २००४ पासून) म्हणतो की प्रसारणाचा संबंध नाही. एखादी रचना एकसंधपणे स्वतःवर किती कार्यकारण प्रभाव टाकते, ती मात्रा म्हणजे फाय, आणि तीच जाणीव.

अडचण ही की निबंधात 'पुरावा' म्हणून मी जे जे गोळा केलं, ते दोघांनाही चालतं असं आता वाटायला लागलंय. खरोखर फरक पाडणारं काय आहे?

पवई_तलाव | रात्री ९:३०

शीर्षकाखालच्या टॅगमध्ये 'आयआयटी' वाचून प्रवेशपरीक्षेचा धागा समजून आलो. इथे वेगळंच निघालं. वाचतोय.

अनुजा_कलिना | रात्री ९:३४

@पवई_तलाव, इंटिग्रेटेड इन्फर्मेशन थिअरीचं लघुरूप आयआयटी, त्यामुळे मुंबईत हा घोटाळा होणारच. या धाग्यात आपण 'मंच' आणि 'फाय' अशी नावं वापरू या का?

ठाणेकर_७ | रात्री ९:५१

सोपं आहे. मंचवाले म्हणतात जाणीव कपाळामागे, प्रीफ्रंटल भागात. फायवाले म्हणतात डोक्याच्या मागच्या भागात. स्कॅनरमध्ये माणसाला घालायचं, चित्र दाखवायचं, कुठे उजळतं ते बघायचं. शिवाय चुंबकीय धक्का देऊन मेंदूच्या प्रतिसादाची जटिलता मोजणारी चाचणी आहेच. शुद्धीत आकडा वर, बेशुद्धीत खाली. ती टोनोनींच्या फायवरूनच निघाली. म्हणजे फाय सिद्ध झाल्यातच जमा.

शुभदा_भूल | रात्री १०:२०

@ठाणेकर_७, त्या चाचणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भूलशास्त्रात तिचा उल्लेख वारंवार येतो.

कवटीवरून चुंबकीय झटका द्यायचा, ईईजीने, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडने, मेंदूची विद्युत्-हालचाल पुढचे काही शे मिलिसेकंद नोंदवायची, उमटलेल्या नकाशाचं शून्य-एकच्या तक्त्यात रूपांतर करायचं आणि तो तक्ता किती दाबून लहान करता येतो ते पाहायचं. संगणकावर फाइल झिप करतात तसंच. गाढ झोपेत झटक्याचा प्रतिसाद एक तर जागच्या जागी विरतो किंवा सगळीकडे एकसारखा पसरतो. दोन्ही वेळा तक्ता सहज दबतो, आकडा लहान येतो. जागेपणी प्रतिसाद दूरवर जातो आणि ठिकठिकाणी वेगळा असतो, म्हणून दबत नाही. ही पद्धत २०१३ साली मांडली गेली, आणि २०१६ च्या अभ्यासात ०.३१ ही सीमारेषा ठरली. केटामीनची भूल दिलेला माणूस बाहेरून निपचित असतो, पण नंतर स्वप्नं सांगतो. त्याचा आकडा जागेपणासारखाच येतो. म्हणून चाचणी रुग्णांसाठी मोलाची आहे यात वाद नाही.

पण हा आकडा म्हणजे फाय नव्हे. कल्पना तिथून सुचली एवढंच. मंचवालेही म्हणू शकतात की झटका दूरवर आणि वेगवेगळ्या रूपात पसरतो, कारण मंचाच्या लांब तारा शाबूत आहेत. आकडा वर गेला काय नि खाली आला काय, दोघेही 'आमचंच खरं' म्हणतील.

आणि मूळ प्रश्नाला धरून: भूल, कोमा, झोप हे सगळं 'जाणीव आहे की नाही' याबद्दल आहे. मला वाटतं अनुजाचा प्रश्नही तोच आहे ना?

मज्जारज्जू | रात्री ११:०५

@शुभदाताई, चाचणीबद्दल तुमचं पूर्ण बरोबर आहे, पण शेवटच्या वाक्यापाशी थांबावं लागेल. 'जाणीव आहे की नाही' हा एक प्रश्न, आणि 'जागा माणूस या क्षणी नेमकं काय अनुभवतोय' हा दुसरा. दोन सिद्धान्तांची खरी झटापट दुसऱ्यावर झाली आहे, कारण तिथे वेळ आणि जागा दोन्ही मोजता येतात.

अनुजाला 'दोघांनाही चालतं' असं वाटतं, तेही बरोबरच आहे. सर्वांत मोठं उदाहरण लहान मेंदूचं. माणसाच्या मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज तिथे आहेत, तरी तो खराब झाला की तोल जातो, बोलणं अडखळतं, पण अनुभव जवळपास शाबूत राहतो. फायवाले म्हणतात, तिथली रचना सुट्या समांतर पट्ट्यांची आहे, एकसंध नाही. मंचवाले म्हणतात, तो मंचाचा भाग नाही. निबंधात याला 'फायचा पुरावा' म्हटलंस तर परीक्षक लगेच पकडतील.

आता ठाणेकरांचा 'कुठे उजळतं ते बघा' हा मुद्दा. नेमका हाच प्रयोग झाला आहे, पण त्यांनी लिहिला तेवढा सोपा नव्हता. कोजिटेट नावाच्या गटाने (मेलोनी, मुद्रिक, पिट्स हे प्रमुख) दोन्ही बाजूंच्या लोकांना आधी एकत्र बसवून भाकितं लेखी घेतली, ती जाहीर नोंदवली, आणि मोजमाप दोन्ही बाजूंपासून अलिप्त प्रयोगशाळांकडून करून घेतलं. २५६ जण, तीन पद्धती: मेंदूतला रक्तप्रवाह टिपणारा एफएमआरआय, मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी एमईजी आणि अपस्माराच्या रुग्णांमध्ये थेट मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड. निकाल जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत सांगितले आणि २०२५ मध्ये नेचरमध्ये छापले.

माझा सल्ला: सगळा प्रयोग निबंधात कोंबू नकोस. त्यातलं एकच भाकीत घे, चित्र *नाहीसं* होण्याचं. उद्या सविस्तर लिहितो.

चिद्विलास | बुधवार, सकाळी ६:४०

जाणिवेतला विषय आणि तो विषय पाहणारा साक्षी, हे दोन वेगळे. तुमचे दोन्ही सिद्धान्त विषयाबद्दल बोलतात. साक्षी इलेक्ट्रोडला कसा सापडणार?

रेवती_म | सकाळी ८:१५

@चिद्विलास, आक्षेप महत्त्वाचा आहे, पण तो दोन्ही सिद्धान्तांना सारखाच लागू पडतो. अनुजाला *एकाला* लागू पडणारा आणि दुसऱ्याला न पडणारा आक्षेप हवाय. अर्थात फायवाले सुरुवातच अनुभवाच्या अंगभूत लक्षणांपासून करतात आणि मग रचनेकडे येतात, त्यामुळे तुम्हाला ते थोडे जवळचे वाटतील.

मज्जारज्जू | सकाळी ९:०२

काल म्हटल्याप्रमाणे.

पडद्यावर एक चित्र येतं: चेहरा, वस्तू, अक्षर किंवा अक्षरासारखं दिसणारं निरर्थक चिन्ह. ते अर्धा, एक किंवा दीड सेकंद राहतं आणि जातं. प्रत्येक फेरीआधी दोन लक्ष्यं सांगितलेली असतात, समजा एक ठरावीक चेहरा आणि एक ठरावीक वस्तू. ती दिसली तरच बटण दाबायचं. म्हणजे त्या फेरीत इतर चेहरे नि वस्तू कामाशी संबंधित, पण बटण नाही. आणि अक्षरं व चिन्हं पूर्णपणे बिनकामाची. तरी सगळी चित्रं पडद्याच्या मधोमध ठसठशीत दिसतात, त्यामुळे 'दिसलंच नसेल' ही पळवाट जवळजवळ बंद होते.

ही मांडणी का? कारण जुन्या प्रयोगांत 'दिसलं का?' असं विचारून बटण दाबायला लावत. मग चित्रानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी ईईजीत मोठी लाट यायची आणि मंचवाले म्हणायचे, हीच ती प्रसारणाची ठिणगी. पिट्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की चित्र स्पष्ट दिसूनही त्याच्याशी काही काम नसेल तर ती लाट येत नाही. म्हणजे लाट जाणिवेची नसून पुढच्या कामाची असू शकते. 'कुठे उजळतं' एवढंच बघितलं तर जाणीव आणि बटणाची तयारी यांची गल्लत होते. ठाणेकर, तुमच्या उपायात हीच फट आहे.

आता भाकीत. समजा, दीड सेकंदाचा चेहरा. फायवाले म्हणाले: पूर्ण दीड सेकंद अनुभव चालू आहे, म्हणून मागच्या भागात त्या चेहऱ्याची खूणही पूर्ण दीड सेकंद टिकली पाहिजे, अर्ध्या सेकंदाच्या चेहऱ्याला अर्धाच सेकंद. मंचवाले म्हणाले: चेहरा आला की ३०० ते ५०० मिलिसेकंदांच्या दरम्यान प्रीफ्रंटल भागात ठिणगी, मग मंच शांत, आणि चेहरा *गेला* की पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी ठिणगी, कारण 'आता काही नाही' ही नवी बातमी मंचावर यायला हवी.

निकाल: मागच्या भागात काही ठिकाणी कालावधीबरहुकूम टिकणारी खूण सापडली. प्रीफ्रंटल भागात पहिल्या ठिणगीचा माग लागला, चेहरा की वस्तू हे तिथून ओळखताही आलं. दुसरी ठिणगी मात्र जवळपास सापडलीच नाही.

ठाणेकर_७ | सकाळी ९:२०

मग मी म्हणत होतो तेच झालं. फाय जिंकलं.

मज्जारज्जू | सकाळी ९:४८

नाही. फायवाल्यांचं आणखी एक भाकीत होतं: चित्र असेपर्यंत मागच्या भागातल्या भागातच, म्हणजे अगदी सुरुवातीचे दृष्टीविभाग आणि चेहरा-वस्तू ओळखणारे विभाग यांच्यात, लयीचं सतत जुळणं दिसायला हवं. माझ्या दृष्टीने हे त्यांचं जास्त मूलभूत भाकीत, कारण 'एकसंध' या शब्दाचा मेंदूतला अर्थ तोच. ते टिकून राहिलेलं जुळणं मिळालं नाही. दोन्ही बाजूंना एकेक ठोसा बसला.

ऊर्मिला_दादर | सकाळी १०:३०

मी या विषयातली नाही, पण असं समजलं. दादरला गाडी आली की उद्घोषणा होते, सगळ्या फलाटाला ऐकू जाते. गाडी गेली की पुढच्या गाडीची. मधल्या वेळात शांतता. हा मंच. आणि इंडिकेटर गाडी उभी असेपर्यंत उजळलेला राहतो. हा फाय. बरोबर?

मज्जारज्जू | सकाळी १०:४१

@ऊर्मिला_दादर, या एका भाकितापुरतं फारच छान. निबंधात घ्यावं असं. आणि त्यातूनच मंचवाल्यांची अडचण दिसते: उद्घोषणा संपल्यावरही गाडी फलाटावर उभी *दिसत* असते. मंच शांत असताना ती कोणाला दिसते? त्यांचं उत्तर असं की बातमी तारांच्या ताकदीत, गप्प राहून साठवलेली असते. पण मग जाणीव म्हणजे प्रसारण, ही व्याख्याच सैल होते.

गणिती_काका | सकाळी ११:१५

इंडिकेटरची उपमा फायला अन्यायकारक आहे. इंडिकेटरमध्ये दिवा *लागलेला* असणं महत्त्वाचं, फायमध्ये नाही. छोटं गणित करून दाखवतो.

दोन दिवे, अ आणि ब. प्रत्येक क्षणी अ आपली स्थिती ब कडून उचलतो आणि ब ती अ कडून. एकूण चार स्थिती, म्हणजे २ बिट. आत्ताची स्थिती कळली की मागची नेमकी सांगता येते: पूर्ण २ बिट माहिती. आता मधल्या तारा कापा आणि तिथे यादृच्छिक गोंगाट सोडा. अ ची आत्ताची स्थिती अ च्या मागच्या स्थितीबद्दल काहीच सांगत नाही. ब चंही तसंच. सुटे भाग मिळून ० बिट. २ वजा ० म्हणजे २: सगळी माहिती एकसंधतेत आहे.

दुसरी रचना: अ स्वतःचीच नक्कल करतो, ब स्वतःची. संपूर्ण रचना २ बिट सांगते, पण सुटे भाग १ + १ = २ सांगतात. फरक ०. बाहेरून दोन्ही ठिकाणी दोनच दिवे, पण पहिली एकसंध, दुसरी नुसती शेजारशेजारची.

ही जुन्या मोजमापाच्या धर्तीची ढोबळ मांडणी आहे. २०१४ च्या आवृत्तीत तार एकाच दिशेने कापून पाहतात, त्यामुळे जिथे माहिती फक्त पुढे वाहते, मागे कधीच येत नाही, तिथे फाय शून्य येतं. पण गाभा तोच: आत्ता दिवा लागलाय की नाही यापेक्षा तो लागू *शकतो* का, आणि त्याने काय बदललं असतं, यावर हिशेब आहे.

हाच हिशेब मेंदूला का लावत नाहीत? दोन तुकड्यांत कापण्याचे मार्गच `2^(n-1) - 1`. दहा घटकांना ५११. सी. एलेगन्स या कृमीच्या ३०२ चेतापेशींना २ चा ३०१ वा घात, म्हणजे नव्वदहून अधिक अंकांची संख्या. म्हणून मेंदूत कोणी फाय मोजलेलं नाही. मोजतात ते त्याचे दूरचे नातेवाईक.

रेवती_म | दुपारी १२:०५

काकांनी जिथे आणून सोडलं तिथूनच पुढे. मेंदूत फाय मोजता येत नसेल, तर 'मागचा भाग' हे भाकीत आलं कुठून? सिद्धान्तातून थेट आलेलं नाही. 'मागच्या भागातल्या जोडण्या जाळीसारख्या दाट आहेत, अशा जाळीचं फाय मोठं असतं' हे मधलं गृहीतक घालावं लागतं. भाकीत चुकलं तर ते गृहीतक सोडून द्यायचं, सिद्धान्त सुखरूप. आणि बरोबर आलं तरी श्रेय फायलाच का? दृष्टीविभागांतल्या मागे फिरणाऱ्या संदेशांवर भर देणारा लामे यांचा सिद्धान्तही मागच्या भागाकडेच बोट दाखवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये १२४ अभ्यासकांनी जाहीर पत्र काढून फायला छद्मविज्ञान म्हटलं, त्यामागे या स्वरूपाची तक्रार होती. तो शब्द मला टोकाचा वाटतो, तक्रार नाही.

मंचाचीही तीच गत. दुसरी ठिणगी मिळाली नाही, तर म्हणता येतं की चित्र बिनकामाचं होतं, ते *गेल्याची* लोकांना स्वतंत्र जाणीव झालीच नसेल.

अनुजा, निबंधात नुसतं 'भाकीत चुकलं' लिहू नकोस. किती धक्का बसला ते आकड्यात मांडता येतं.

गणिती_काका | दुपारी १२:४०

मांडू या. आकडे माझे, कल्पित, फक्त पद्धत दाखवायला.

समजा आरंभी मंच खरा असण्याची शक्यता निम्मी, ५० टक्के. मंच खरा असेल तर दुसरी ठिणगी दिसण्याची शक्यता ०.८ धरू. मंच खोटा असला तरी चित्र नाहीसं होताना मेंदूत काही ना काही हलतंच, म्हणून तेव्हा ०.३. ठिणगी *दिसली नाही*: मंच खरा असता तर याची शक्यता ०.२, खोटा असता तर ०.७. गुणोत्तर सुमारे ०.२९. निम्म्यावरून मंच २२ टक्क्यांवर येतो. चांगलाच धक्का.

आता रेवतीताईंची पळवाट मान्य करा: बिनकामाचं चित्र गेल्याची जाणीव होईलच असं नाही. म्हणून मंच खरा असूनही ठिणगी दिसण्याची शक्यता ०.८ ऐवजी ०.५ धरा. गुणोत्तर ०.५ भागिले ०.७, म्हणजे ०.७१. मंच ४२ टक्क्यांवर. धक्का जवळपास जिरला.

तेव्हा सगळा वाद त्या ०.८ वर आहे. आणि मंचवाल्यांनी भाकीत *आधी* लेखी दिलं होतं, तेव्हा ते ०.५ म्हणत नव्हते.

शुभदा_भूल | दुपारी २:१०

हे वाचून माझा गोंधळ सुटला, मी 'आहे की नाही'तच अडकले होते. मग प्रश्न: चित्र जाणं *कामाचं* करून टाकलं तर? लोकांना सांगायचं, चित्र गेलं की बटण दाबा. पळवाटच संपली.

मज्जारज्जू | दुपारी २:५५

@शुभदाताई, दिशा योग्य, पण तसं केलं की २०१२ च्या आधी जाऊन पडतो. ठिणगी मिळाली तर फायवाले म्हणतील ती बटणाची.

मधला मार्ग असा सुचतो. तीन प्रकारच्या फेऱ्या. पहिलीत लक्ष्य कोजिटेटसारखंच, जाण्याशी देणंघेणं नाही. दुसरीत चित्र गेल्यावर बटण. तिसरीत बटण नाही, पण फेरीच्या शेवटी कधीतरी, आगाऊ न सांगता, 'शेवटचं चित्र लवकर गेलं की उशिरा?' एवढंच विचारायचं. तिसऱ्या प्रकारात जाण्याकडे लक्ष असतं, पण त्या क्षणी हाताला काम नसतं. ठिणगी दुसरीत आणि तिसरीत दोन्हीकडे आली, तर 'लक्ष हवं होतं' ही मंचाची सबब खरी ठरते. फक्त दुसरीत आली, तर ती बटणाचीच. आणि तिसरीत लोक कालावधी अचूक सांगत असूनही ठिणगी नाही, तर मंचाला हे निस्तरणं जड जाईल.

कुठे फसेल ते आत्ताच सांगतो. पडद्यावरून काही गेलं की माणूस पापणी मिटतो. पापणीचा विद्युत्-प्रभाव कवटीच्या पुढच्या भागावर सर्वांत मोठा असतो, आणि वेळही नेमकी तीच, काही शे मिलिसेकंद. ईईजी किंवा एमईजीत ती खोटी 'प्रीफ्रंटल ठिणगी' दिसेल. म्हणून डोळ्यांची नोंद वेगळी ठेवायची आणि पापणीच्या फेऱ्या बाजूला काढूनही परिणाम टिकतो का ते पाहायचं. एफएमआरआयला हा प्रश्न कमी, पण रक्तप्रवाह काही सेकंदांनी हलतो, त्यामुळे येण्याची आणि जाण्याची ठिणगी एकमेकींत मिसळते. थेट मेंदूतले इलेक्ट्रोड सर्वांत चांगले, मात्र ते रुग्णाच्या उपचाराच्या गरजेप्रमाणे बसवलेले असतात, प्रयोगाच्या नव्हे. प्रीफ्रंटल भागाचा मोठा तुकडा मोजलाच जात नाही. 'ठिणगी नाही' म्हणण्याआधी 'तिथे इलेक्ट्रोड होता का' हे विचारायलाच हवं. फायचं जुळणं न सापडण्याबद्दलही हाच प्रश्न विचारता येतो, तेव्हा दोघांना एकच नियम लावा.

ठाणेकर_७ | दुपारी ३:२०

मान्य, घाई केली. पण प्रीफ्रंटलमधून चेहरा की वस्तू ओळखता आलं, हे मंचाच्या बाजूनं मोठंच नाही का? ते तर बिनकामाच्या चित्रांतही आलं ना?

मज्जारज्जू | दुपारी ३:४४

हो, आणि हे पुरेसं सांगितलं जात नाही. माकडांमध्येही, काही दाबायला न लावता, प्रीफ्रंटल चेतापेशींवरून त्या क्षणी कोणतं दृश्य दिसतंय हे वाचता आलं आहे (२०२२ चा अभ्यास). अडतं ते बारकाव्यात. चेहरा समोर, डावीकडे की उजवीकडे वळलेला हे बघणाऱ्याला स्पष्ट दिसतं. कोजिटेटमध्ये ते मागच्या भागातून वाचता आलं, प्रीफ्रंटलमधून नाही. मंचावर 'चेहरा' ही बातमी पोचली, पण 'डावीकडे वळलेला' नाही. मग तो वळलेला दिसला कोणाला?

रेवती_म | संध्याकाळी ६:१०

मज्जारज्जू, तुमचा तीन फेऱ्यांचा प्रयोग मंचाला कोंडीत पकडतो. फायला नाही. फायला पकडणारा प्रयोग काकांच्या गणितात दडलाय.

फायमध्ये गप्प असलेली पण काकांच्या दिव्यासारखी लागू, म्हणजे सक्रिय होऊ, शकणारी चेतापेशी अनुभवात भर घालते. तीच पेशी बंद पाडली, म्हणजे लागूच शकणार नाही असं केलं, तर अनुभव बदलला पाहिजे. मंचाच्या मते गप्प पेशी गप्पच होती. ती बंद पाडून प्रसारणात काही फरक नाही, म्हणून अनुभवातही नाही. एकच क्रिया, दोन उलट भाकितं, मधलं गृहीतक जवळपास नाही. इतका स्वच्छ फरक दुसरीकडे दिसत नाही.

आता यातली खोच. पेशी आधीच गप्प होती, म्हणून त्या क्षणी बाकी मेंदूतल्या एकाही पेशीचं वर्तन बदलणार नाही. हात, तोंड, डोळे, सगळं तसंच. माणूस 'अनुभव बदलला' असं सांगणार कसा? सांगण्यासाठी कुठली तरी पेशी वेगळी वागावी लागेल. २०१९ मध्ये डोरिग आणि सहकाऱ्यांनी याच जातीचा आक्षेप मांडला: मागे फिरणाऱ्या जोडण्यांचं कुठलंही जाळं उलगडून फक्त पुढे वाहणारं, पण आत टाकलं की तेच बाहेर देणारं जाळं करता येतं. एकाचं फाय मोठं, दुसऱ्याचं शून्य, उत्तरं हुबेहूब. मग कुठला प्रयोग दोघांत फरक करेल?

गणिती_काका | संध्याकाळी ६:५०

रेवतीताई, एक दुरुस्ती. 'त्या क्षणी' हे बरोबर. पण पेशी बंदच ठेवली तर पुढच्या काही मिलिसेकंदांत, जेव्हा ती एरवी लागली असती, तेव्हा वर्तन वेगळं होईलच. खरा मेंदू गोठलेला नसतो.

रेवती_म | संध्याकाळी ७:०५

होईल. पण मग त्या वेगळ्या वर्तनाचं स्पष्टीकरण मंचही देऊ शकतो: पेशी लागायला हवी होती, लागली नाही, प्रसारण बदललं. जिथे वर्तन बदलतं तिथे दोघेही बोलतात. जिथे फक्त फाय बोलतं तिथे वर्तन बदलत नाही.

मज्जारज्जू | संध्याकाळी ७:४०

मला हे इतकं अंतिम वाटत नाही. उलगडलेलं जाळं कागदावर असतं. तेवढंच काम करायला त्याला प्रत्येक क्षणासाठी नवा थर लागतो आणि आकार बेसुमार फुगतो. कवटीत ते मावणार नाही. मानवी मेंदूपुरतं 'रचना बदलली की वर्तन कसं बदलतं' यावरून अप्रत्यक्ष पुरावा मिळू शकतो. उदाहरणार्थ, दृष्टीविभागाच्या छोट्या तुकड्यातल्या जोडण्यांची ताकद बदलली, पण पेशींची प्रत्यक्ष सक्रियता तशीच ठेवली, तर जागेची जाणीव आकसते किंवा ताणली जाते का? फायवाले स्वतः असं भाकीत करतात.

रेवती_म | संध्याकाळी ७:५२

'आकसली' हे माणूस सांगणार, सक्रियता तशीच असताना? पुन्हा तिथेच आलो.

अनुजा_कलिना | रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, धागा दोनदा वाचला. आराखडा असा ठरवलाय. लहान मेंदू आणि झिपवाली चाचणी एका परिच्छेदात, 'हे दोघांनाही चालतं' म्हणून. मग चित्र नाहीसं होण्याचं भाकीत, ऊर्मिलाताईंच्या उपमेसह (काकांची दुरुस्ती तिथेच लिहीन), आणि ०.८ की ०.५ हा हिशेब. त्यानंतर तीन फेऱ्यांचा प्रयोग आणि पापणीची अडचण. शेवटी गप्प पेशीचा प्रयोग.

एका जागी अडले आहे. तीन फेऱ्यांमधल्या तिसऱ्या प्रकारात लोकांना एकदा कालावधी विचारला की पुढच्या सगळ्या चित्रांना ते मनात मोजायला लागतील. मग तिसरी फेरी दुसरीसारखीच होणार नाही का?

मज्जारज्जू | रात्री ९:५८

होईल, आणि ही खरी खोट आहे. प्रत्येक माणसाकडून पहिल्या प्रश्नाच्या *आधीच्या* चित्रांचाच विदा वापरता येईल. पण मग एका माणसामागे मोजकीच चित्रं उरतात आणि ठिणगी गोंगाटातून वर काढायला माणसं कितीतरी जास्त लागतात. थेट इलेक्ट्रोडच्या रुग्णांत ते शक्यच नाही, एमईजीत कदाचित. निबंधात ही अडचण तुझ्या नावावर लिही, मला आधी दिसली नव्हती.

ऊर्मिला_दादर | रात्री १०:११

मोजायला लावायचंच नाही, असं काही करता येईल का? कालावधीऐवजी चित्र गेल्यावर मागे राहिलेल्या पडद्याचा रंग विचारला तर? तो रंग दिसायला चित्र गेलेलं कळावं लागतं, पण कोणी सेकंद मोजणार नाही.

मज्जारज्जू | रात्री १०:२६

रंग बदलला की ती नवी बातमी झाली, आणि ठिणगी चित्र *जाण्याची* की रंग *येण्याची* हे वेगळं करावं लागेल. पण रंग चित्र असतानाच कडेला हळूहळू आलेला असेल आणि चित्र जाताना काहीच नवं येत नसेल, तर... यावर विचार करतो. उद्या लिहितो.